कळल्याचा भास

चूक मी केली आणि तिची किंमत शेजाऱ्याने मोजली. ही गोष्ट सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. कारण मी पेशाने शिक्षक, आणि तोही वाचन शिकवणारा. पण ज्या विषयावर आज लिहायचे आहे तो विषय मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर या चुकीनेच शिकवला. तेव्हा आरंभ तिथूनच केलेला बरा.

मी आळंदला राहतो. आळंदी नव्हे, आळंद. पुण्याकडच्या माणसाला हे दरवेळी सांगावे लागते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेलेले हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूर आणि उमरग्याच्या बाजूला आहे. इथे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दोन्हींच्या जोडीला दखनी उर्दू चालते. पीक म्हणाल तर तुरीचे. मार्गशीर्ष-पौषात शिवारात जिकडे पाहावे तिकडे कापलेली तूर वाळत पडलेली असते.

मागे एका वर्षी अशीच शेजारच्या अण्णांची चार एकरांची तूर कापून शेतात पसरलेली होती. पिकाचा विमा त्यांनी उतरवलेला होता. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली देशभर सुरू झाली. तिच्या नियमांचे मराठी माहितीपत्रक अण्णांच्या सोलापूरकडच्या मेहुण्यांनी त्यांना मोबाइलवर पाठवले होते. अण्णांनी ते वाचले, आणि खात्री व्हावी म्हणून माझ्याकडेही पाठवले. मी ओसरीवर बसून पाच-सहा मिनिटांत ते बोटाने वर सारत सारत वाचून काढले. अण्णांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “कापणीनंतर अवेळी पाऊस झाला तरी चौदा दिवसांपर्यंत विमा आहे. काळजी करू नका.”

कापणीनंतर चौथ्या रात्री पाऊस झाला. तूर भिजली, शेंगा काळ्या पडल्या. अण्णांना चौदा दिवस ठाऊक होते. त्यांनी आधी उरलेली तूर उलटीपालटी करून वाळवली, एका लग्नाला जाऊन आले, आणि पावसानंतर सहाव्या दिवशी सवडीने तक्रार नोंदवायला गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की मुदत संपली आहे. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत ते कळवायला हवे होते.

संध्याकाळी अण्णा आले आणि उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही चौदा दिवस म्हणलाव की.”

मी म्हणालो होतो खरा. आणि मी म्हणालो ते खोटेही नव्हते. त्या पत्रकात चौदा दिवस होतेच. पण बहात्तर तासही होते. मी दुसऱ्या दिवशी पत्रक छापून आणले आणि चटईवर ठेवून वाचले. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत चौदा दिवस, आणि त्याच पानाच्या तळाशी, कोष्टकाखाली, बहात्तर तास. दोन्ही आकडे एका नजरेत येत होते. मोबाइलवर त्यांच्यामध्ये बोटाचे आठ-दहा फटकारे होते. चौदा दिवस वाचल्यावर माझ्या मनाने ‘मुदत कळली’ असे ठरवून टाकले होते. बहात्तर तासांवरून माझे डोळे गेले असतील, मन गेले नव्हते.

आता कोणी म्हणेल की हा निष्काळजीपणा झाला, यात मोबाइलचा काय दोष? मीही प्रथम स्वतःला हेच म्हणालो. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. मला त्या वाचनाबद्दल तिळमात्र शंका आली नव्हती. कठीण मजकूर वाचताना मनुष्य अडखळतो, मागे जातो, ‘हे नीट कळले नाही’ अशी एक बारीकशी कुरकुर आत ऐकू येते. ती कुरकुर मला त्या दिवशी ऐकू आलीच नाही. मग या विषयात अभ्यास करणाऱ्यांनी काय शोधले आहे ते मी मिळवून वाचले, आणि हो, कागदावर छापून वाचले. त्यातून माझे जे मत झाले ते असे : पडद्यावर आपल्याला कमी कळते हा दुय्यम दोष आहे. मुख्य दोष हा की कमी कळले आहे हे आपल्याला कळत नाही.

हे मत मी कशाच्या आधारावर बनवले तेही सांगतो. स्पेनमधील पाब्लो डेल्गाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. २००० ते २०१७ या काळात झालेले ५४ अभ्यास त्यांनी एकत्र केले. त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. तोच मजकूर काहींना कागदावर दिलेला, काहींना पडद्यावर, आणि मग प्रश्न विचारून कोणाला किती समजले ते पाहिलेले. निष्कर्ष कागदाच्या बाजूने निघाला. फरक प्रचंड नाही, पण नगण्यही नाही. शंभर वाचक समजुतीच्या क्रमाने रांगेत उभे केले आणि अगदी मधोमध असलेल्या माणसाला कागदाऐवजी पडदा दिला, तर तो साधारण आठ जागा मागे सरकतो असे समजावे. वर्गातल्या मुलाचा मधला नंबर आठाने खाली आला तर कोणता बाप स्वस्थ बसेल?

या आढाव्यातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, कथा-गोष्टी वाचताना असा फरक दिसला नाही. तो दिसला माहितीच्या मजकुरात, म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा, लेख, नियम, सूचना यांत. गोष्टीला स्वतःचा ओघ असतो, पुढे काय झाले ही उत्सुकता वाचकाला हाताला धरून नेते. नियमाला असा ओघ नसतो. तिथे वाचकाने स्वतः थांबून दोन वाक्यांची सांगड घालावी लागते. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. आपल्याला वाटते की हा जुन्या माणसांचा प्रश्न आहे, नव्या पिढीला पडद्याची सवय झाली की फरक मिटेल. पण २००० पासून २०१७ पर्यंत तो कमी झालेला नाही. उलट वाढलेलाच दिसला. माझा नातू माझ्यापेक्षा मोबाइल दसपट चपळाईने चालवतो. पण चालवण्यातली चपळाई निराळी आणि वाचण्यातली निराळी.

फरक पडतो एवढे या आढाव्याने कळले. तो का पडतो याचे मला सर्वांत पटलेले उत्तर इस्रायलमधल्या राकेफेत अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ सालच्या प्रयोगांत आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना माहितीपर मजकूर वाचायला दिला, आणि परीक्षेआधी ‘तुम्हाला यातले किती जमेल?’ असेही विचारले. पहिल्या प्रयोगात वाचनाचा वेळ सर्वांना ठरवून दिला होता. तेव्हा कागदवाले आणि पडदेवाले यांचे गुण सारखेच आले. दुसऱ्या प्रयोगात सांगितले, तुमचे तुम्ही ठरवा, पुरेसे वाचून झाले असे वाटले की थांबा. आणि इथे पडदेवाले मागे पडले. किती वाचले म्हणजे पुरे याचा त्यांचा अंदाज चुकत होता, आणि आपल्याला किती गुण मिळतील याचाही. पुढे यांपैकी अ‍ॅकरमन यांच्या कामात असेही दिसले की वेळ अपुरा आहे हे आधी ठाऊक असले तर कागदावर वाचणारा मनुष्य कंबर कसतो, पडद्यावर वाचणारा मात्र आपल्या नेहमीच्याच चालीने जातो.

याचा अर्थ नीट पाहू. पडद्यावरची अक्षरे डोळ्यांतून मेंदूत शिरतच नाहीत असे काही नाही. तसे असते तर पहिल्या प्रयोगातही फरक पडला असता. बिघाड आहे तो वाचकाच्या आतल्या पहारेकऱ्यात. वाचताना आपल्या मनाचा एक भाग वाचत असतो, आणि दुसरा भाग त्या वाचनावर लक्ष ठेवून ‘झाले, पुढे चल’ किंवा ‘थांब, पुन्हा बघ’ असे हुकूम देत असतो. पडद्यासमोर हा पहारेकरी सैल पडतो. दिवसभरात आपण मोबाइलवर जे वाचतो त्यातले बहुतेक असेच असते की ते अर्धे कळले तरी बिघडत नाही : शुभेच्छा, बातमीचा मथळा, कोणाच्या घरच्या बारशाचा निरोप. त्या वाचनाची चाल बोटाला लागते, आणि विम्याचे पत्रक समोर आले तरी बोट त्याच चालीने चालते. मुख्य कारण हेच असावे, असे मला वाटते.

अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना तर मला माझीच ओसरी दिसली. त्यांनी ९० विद्यार्थ्यांना काही मजकूर कागदावर आणि काही पडद्यावर वाचायला दिला. ‘मजकुराचा मुख्य आशय काय?’ या प्रश्नाला दोन्हीकडे सारखीच उत्तरे आली. पण मुख्य मुद्दे आणि तपशील विचारल्यावर कागदावरचे वाचन सरस ठरले. आणि यापैकी कुठे आपल्याला अधिक समजले असे विचारल्यावर बहुतेकांनी उत्तर दिले, पडद्यावर! माझेही नेमके तेच झाले होते. आशय मला बरोबर कळला होता : कापणीनंतरच्या पावसालाही विमा आहे. हुकला तो तपशील. आणि नियमाचे पोट तपशिलातच असते.

दुसरे एक कारण स्थळाचे आहे. आपण कागदावर वाचतो तेव्हा नुसता मजकूर लक्षात राहत नाही, त्याची जागाही राहते. ‘ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या अंगाला होते’ असे आपण सहज म्हणतो. पुस्तक हातात असले की किती झाले आणि किती उरले हे डाव्या-उजव्या अंगठ्यांनाच कळते. नॉर्वेच्या अ‍ॅन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांनी तासाभराची एक रहस्यकथा वाचली. काहींनी छापील पुस्तकात, काहींनी किंडल नावाच्या वाचनयंत्रावर. बहुतेक प्रश्नांत दोघे सारखेच उतरले. पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हा क्रम लावण्यात छापील पुस्तकवाले अधिक बरोबर निघाले. किंडलचा पडदा डोळ्यांना कागदासारखाच असतो, आणि त्यावर मध्येच कोणाचा निरोपही टपकत नाही. तरी फरक राहिला, तो हाताला लागणाऱ्या पानांच्या जाडीचा असावा, असे त्या अभ्यासकांना वाटते. मोबाइलवर तर स्थळ आणखीच नाहीसे होते. वर सरकणाऱ्या मजकुराला ना माथा ना तळ. प्रत्येक ओळ पडद्याच्या मध्यावर येते आणि वर निघून जाते.

तिसरे कारण साध्या मोजपट्टीचे आहे, आणि सरकारी पत्रके, शाळेची पुस्तके मोबाइलवर वाचणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात घ्यावे. अशी पत्रके पीडीएफ या रूपात येतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे जसेच्या तसे चित्र. ते पान कचेरीतल्या ए-फोर कागदाचे असते, २१ सेंटिमीटर रुंद. मोबाइलचा पडदा उभा धरला तर सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे पान त्यात बसवले की अक्षर एक-तृतीयांश होते. आपल्या देवनागरीची गंमत अशी की अर्थ फिरवणाऱ्या पुष्कळ खुणा शिरोरेषेच्या वर नाहीतर अक्षराच्या पायाशी असतात. अक्षर बारीक झाले की पहिल्यांदा बुजतात त्या याच, अनुस्वार, रफार, मात्रा, उकार. मग आपण दोन बोटांनी पान मोठे करतो. अक्षर दिसू लागते, पण ओळ पडद्याबाहेर जाते. ओळीच्या टोकापर्यंत पान डावीकडे ओढायचे, पुन्हा उजवीकडे ढकलून पुढच्या ओळीचा आरंभ शोधायचा. या ओढाताणीत जे लक्ष खर्च होते ते समजुतीच्या वाट्यातून वजा होते. आणि कोष्टक असले तर विचारूच नये. आकडा एकीकडे आणि तो कशाचा हे सांगणारा मथळा दुसरीकडे.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्याकडच्या मराठी शाळांतली मुले हेच भोगत होती. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते आणि ती पीडीएफ रूपातही मिळतात. ती मिळत होती हे उपकारच झाले. पण धडा ‘वाचला’ म्हणणाऱ्या मुलाने तो कसा वाचला हे विचारण्याची बुद्धी आम्हा शिक्षकांनाही तेव्हा झाली नाही.

मग उपाय काय? मोबाइल टाकून द्या असे मी म्हणणार नाही, कारण ते ढोंग होईल. आळंदच्या बाजारात मराठी पुस्तक विकत मिळणे दुरापास्त आहे. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे सकाळी चहाबरोबर वाचायला मिळतात ती या पडद्याच्याच कृपेने. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे सुख कागदाने कधी दिले नव्हते. कथा-कादंबरी पडद्यावर वाचलीत तर बहुधा काही बिघडणार नाही. प्रश्न उरतो तो ज्या वाचनावरून पुढे काही करायचे आहे, त्या वाचनाचा : अर्ज, मुदत, औषधाची चिठ्ठी, करारनामा, परीक्षेचा धडा. तिथे पहिला उपाय सरळ आहे. छापून घ्या. दोन-चार पानांना चहाच्या एका पेल्याएवढा खर्च येतो. अण्णांची चार एकर तूर दोन पानांच्या छपाईपेक्षा स्वस्त नव्हती.

छापणे शक्य नसेल तेव्हा काय करावे याचेही उत्तर प्रयोगांतच सापडते. तिर्झा लाउटरमन आणि वर सांगितलेल्या अ‍ॅकरमन यांनी २०१४ साली असे दाखवले की वाचकांना मजकूर वाचून झाल्यावर लगेच नव्हे, तर थोडा वेळ जाऊ देऊन, त्याचे सार सांगणारे मोजके शब्द लिहायला लावले, तर पडद्यावरच्या वाचकांची पिछाडी नाहीशी होते. गुणांतली पिछाडीही, आणि ‘मला किती येते’ या अंदाजातलीही. युक्ती क्षुल्लक वाटते, पण तिचे मर्म ‘थोडा वेळ जाऊ देऊन’ या शब्दांत आहे. लगेच लिहिले तर मजकूर अजून डोळ्यांपुढे तरळत असतो आणि आपण त्याचीच नक्कल करतो. थोडा वेळ गेल्यावर डोळ्यांपुढचे पुसले जाते, आणि मनात खरोखर उतरले असेल तेवढेच उरते. ते थोडके निघाले की सैल पडलेला पहारेकरी खडबडून जागा होतो.

हे कसे करायचे ते त्याच विमा-पत्रकावर करून दाखवतो. कारण नंतर मी आणि अण्णांनी ते मोबाइलवरच पुन्हा एकदा वाचले, मुद्दाम, प्रयोग म्हणून. आधी मोबाइलचे इंटरनेट बंद केले, म्हणजे मध्ये कोणी डोकावणार नाही. मग मोबाइल आडवा धरला. आडव्या पडद्याची रुंदी १५ सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे ओळ पूर्ण मावते आणि अक्षरही वाचण्याजोगे राहते. बोटाने सतत सारत न जाता एक पडदाभर मजकूर वाचायचा, थांबायचे, मग पुढचा पडदाभर. वाचून झाल्यावर मोबाइल पालथा ठेवला, अण्णांनी गुरांना पाणी दाखवले, मी चहा ठेवला. दहा-एक मिनिटांनी पाटीवर लिहायला बसलो. प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहायचा असे ठरवले : हे घड्याळ कधी सुरू होते?

पहिला आकडा चौदा दिवस. घड्याळ सुरू होते कापणीच्या दिवशी. या दिवसांत नुकसान झाले तर ते विम्यात धरले जाते. दुसरा आकडा बहात्तर तास. हे घड्याळ सुरू होते ते नुकसान झाल्यापासून. या तासांत ते कळवायचे. पाटीवर दोन ओळी समोरासमोर आल्या, आणि अण्णा म्हणाले, “म्हणजे दोन घड्याळं हैत की हो गुरुजी. आपण एकच बघितलो.” मी आयुष्यभर केलेल्या कोणत्याही आकलनाच्या व्याख्येपेक्षा हे वाक्य मला मोठे वाटते. नियम तसेच आहेत की बदलले ते दर हंगामी पाहावे लागते; पण दोन घड्याळे असू शकतात ही गोष्ट आता त्या घरात कोणी विसरणार नाही.

आपले वाचन फसले आहे हे ओळखण्याची खूणही इथेच मिळते. मजकुराचा विषय तुम्हाला सांगता येतो, पण त्यातला आकडा कोणत्या अटीला बांधलेला आहे हे सांगता येत नाही. किंवा सगळा मजकूर एकाच वेगाने, एकदाही मागे न जाता वाचून झाला. तर समजावे की कळलेले नाही, कळल्याचा भास झाला आहे. मुलांना तर मी आता ‘समजले का?’ असे विचारतच नाही. त्या प्रश्नाला पडद्यावर वाचणारे मूल प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते, आणि त्याचे ते ‘हो’ही त्या भासातलेच असते. पुस्तक मिटून, मोबाइल पालथा घालून, दहा मिनिटांनी ‘चार शब्द लिही’ म्हणावे. ते चार शब्द सगळे सांगतात.

आमच्याच जिल्ह्यात गाणगापूर आहे. तिथे गुरुचरित्राचे सप्ताह चालतात. लहानपणी मी आजोबांना पारायणाला बसलेले पाहिले आहे. सात दिवसांचे विसाव्याचे अध्याय ठरलेले. तिथे आले की पोथी मिटायची, कापडात बांधायची आणि उठायचे. मनात आले म्हणून कोणी पुढचे अध्याय ओढून घेत नसे. आणि रात्री जेवताना आजी विचारी, “आज काय झालं?” तेव्हा आजोबांना पोथीशिवाय ते सांगावे लागे. अडखळले तर ते स्वतःच म्हणत, “उद्या आधी तेवढं पुन्हा बघतो.” भक्तीचा भाग मी बाजूला ठेवतो. पण वाचनाची रीत म्हणून पाहिले तर यात काय नव्हते? थांबण्याची जागा ठरलेली, मजकुराला आरंभ आणि शेवट, मध्ये गेलेला वेळ, आणि मग आठवून सांगणे. त्या घरात पहारेकऱ्याला झोपायची सोय नव्हती. पोथीच्या जागी पडदा आला याचे मला वाईट वाटत नाही. पोथीबरोबर आजीचा प्रश्नही गेला याचे वाटते. पडद्यावर तो कोणी विचारत नाही. तो आता आपला आपल्यालाच विचारावा लागतो.

अण्णांना त्या वर्षी काही मिळाले नाही. त्यांनी मला बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागले. यंदा तूर कापली त्या दिवशी मात्र ते छापलेले पत्रक घेऊन आले, माझ्यापुढे ठेवले, आणि हसून म्हणाले, “गुरुजी, ह्यावर वाचा. आणि वाचून झाल्यावर लगेच सांगू नका. आधी चहा घेऊ.”

मी लगेच सांगितले नाही.